शोकॉज नोटीस आणि व्हॉट्सअॅपवरचे चार सल्ले

‘कामगार बांधवांनो, शोकॉज नोटीस आली तर घाबरू नका. 1) सही करून नोटीस घेऊ नका, सही म्हणजे कबुली. 2) लेखी उत्तर देऊ नका, तेच तुमच्यावर उलटतं. 3) फारच मागे लागले तर एका ओळीत माफी मागा, विषय संपतो. 4) नोटीस कन्नडमध्ये असेल तर ती आपल्याला लागूच नाही. सर्वांना पाठवा.’

हा मेसेज मला एका आठवड्यात तीन ग्रुपवर आला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. अशा ‘कारणे दाखवा’ नोटिसा टाइप करणं आणि त्यांची उत्तरं फायलीला लावणं हेच माझं काम होतं, म्हणून लिहितो.

सही ही फक्त पोच असते. ती नाकारली की दोन साक्षीदारांसमोर ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा पडतो आणि नोटीस पोस्टानं घरी जाते. मुदत मात्र चालू होते. आत काय लिहिलंय ते न वाचताच दोन दिवस जातात, एवढाच आपला फायदा. सहीखाली ‘मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख आणि वेळ टाकली की झालं.

कन्नडचं दुखणं 1956 पासूनचं आहे आणि सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण त्यानं आपल्या नोटिशीला उत्तर द्यायचे तीन दिवस थांबत नाहीत. आरोप कळायलाच हवा, हा हक्क खराच आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. ‘मला कन्नड वाचता येत नाही, मराठी किंवा इंग्रजी प्रत आणि उत्तरासाठी चार दिवस जास्त द्यावेत’ असा दोन ओळींचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. तोवर शेजारच्या कन्नडिग मित्राकडून नोटीस वाचून घ्यायची. आपल्याकडे असा मित्र नसलेला माणूस विरळाच.

तिसरा सल्ला सगळ्यात महागात पडतो. स्पष्ट कबुली हातात असली की कंपनीला साक्षीपुरावा करायची गरजच उरत नाही. ‘माफी असावी, पुन्हा होणार नाही’ ही ओळ फायलीत राहते. दोन वर्षांनी दुसरी नोटीस निघते तेव्हा तिची सुरुवात ‘यापूर्वीही आपण चूक कबूल केली आहे’ अशी होते. शिक्षा ठरवताना मागचा रेकॉर्ड बघायचा असतो, हे नमुना स्थायी आदेशांतच, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांतच, लिहिलंय.

आता उत्तर न देण्याविषयी. गप्प राहिलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, हे बरोबर. पण ‘मुदतीत खुलासा नाही’ असं लिहून फाइल पुढं सरकते. मग चौकशीत तुम्ही खरं सांगितलं तरी ‘हे तेव्हाच का नाही सांगितलं?’ हा प्रश्न येतोच. उलटतं ते रागानं लिहिलेलं किंवा मोघम लिहिलेलं उत्तर. चांगलं उत्तर कसं असतं ते एका उदाहरणानं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला एक सीएनसी ऑपरेटर. नोटिशीत तीन आरोप: 14 ते 17 जुलै विनापरवाना गैरहजर, 11 जुलैला निष्काळजीपणामुळे 18 पीस स्क्रॅप, आणि 18 जुलैला सुपरवायझरशी उद्धट वर्तन. गडी तणतणत माझ्याकडे आला. पहिल्या मसुद्यात, मशीन लावून देणाऱ्या सेटरवर, ‘सेटर मुकादमाचा पाव्हणा आहे, मला मुद्दाम अडकवलंय’ असं पानभर होतं. ते आधी फाडलं. मग प्रत्येक आरोपाला नोटिशीतलाच क्रमांक देऊन नवीन कागद केला. प्रत्येकाखाली आधी काय मान्य, मग काय घडलं, मग कागद कुठला.

पहिल्याखाली: ‘14 ते 17 मी कामावर नव्हतो, हे मान्य. 14 ला सकाळी 6:40 ला सुपरवायझरसाहेबांना ताप असल्याचा मेसेज पाठवला, त्याची प्रत जोडली आहे. ईएसआय दवाखान्याचा 14 ते 16 चा दाखला जोडला आहे. 17 तारखेचा दाखला माझ्याकडे नाही. अशक्तपणामुळे मी घरी होतो, पण त्या दिवसाची परवानगी घेतली नव्हती, हे मान्य.’ शेवटच्या वाक्यावर तो अडून बसला, ते गाळूया म्हणाला. मी ठेवायला लावलं. दाखला 16 लाच संपतो हे टाइम ऑफिसला पहिल्याच नजरेत दिसतं, आणि एक दिवस लपवला की उरलेल्या तीन दिवसांवरचाही विश्वास जातो. शिवाय 2025 पर्यंत लागू असलेल्या 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना आदेशांत सलग दहा दिवसांपेक्षा जास्त किंवा सवयीची गैरहजेरी हे गैरवर्तन धरलं होतं. एका दिवसाच्या कबुलीनं नोकरी जात नाही. आपल्या कारखान्याचे स्थायी आदेश मात्र वेगळे असू शकतात, म्हणून बोर्डावरचे आधी वाचावेत.

दुसऱ्यात खरी मेख होती. बोअर, म्हणजे पिसातलं भोक, 35 मिलिमीटरचा, वर फक्त 0.025 ची सूट. गेजची नो-गो, म्हणजे आत जाऊच नये ती, बाजू आत गेली, म्हणजे बोअर मोठा झाला होता, आणि मोठा बोअर परत लहान होत नाही, पीस सरळ स्क्रॅप. कापणारं इन्सर्ट झिजलं तर बोअर लहान पडतो. एकाएकी मोठा निघाला तर आधी ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टाकलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, बघायचा. त्या दिवशी 6:05 ला इन्सर्ट बदललं होतं. एका पिसाला तीन मिनिटं धरा, तर दर तासाला होणाऱ्या तपासणीपर्यंत, म्हणजे 7 वाजेपर्यंत, 18 पीस होतात. आकडा तंतोतंत जुळला. म्हणून उत्तरात लिहिलं: ‘इन्सर्ट बदलून ऑफसेट सेटरनी टाकला. ऑफसेटची किल्ली ऑपरेटरकडे नसते. “चालू कर” असं सांगितल्यावर मी मशीन चालू केलं. 7 वाजता गेज लावल्यावर दोष दिसला, लगेच मशीन थांबवून कळवलं, लॉगशीटवर नोंद आहे. इन्सर्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या पिसाचा तपासणी रिपोर्ट आणि टूल बदलाचं रजिस्टर मला दाखवावं, ही विनंती.’ सेटरवर एकही आरोप नाही. जे सांगायचं ते रजिस्टर सांगणार होतं.

तिसऱ्या आरोपात उद्धट शब्द कुठला, किती वाजता, कुणासमोर, यातलं काहीच नव्हतं. अशाला लांबलचक बचाव लिहू नये. ‘आरोप नाकबूल. शिफ्टनंतर थांबायला सांगितल्यावर “आज जमत नाही बघा, ताप उतरलाय नुसता” एवढंच मी बोललो. याहून वेगळे शब्द असतील तर ते, वेळ आणि साक्षीदार कळवावेत, म्हणजे उत्तर देता येईल.’ सुपरवायझर बेळगावबाहेरचा होता. आपलं ‘बघा’ बाहेरच्यांना टोचतं, ते उत्तरात लिहायची गरज नव्हती.

शेवटी ‘आपला विश्वासू’, सही, जोडलेल्या कागदांची यादी. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवकचा शिक्का घेऊन आला. रजिस्टर निघाल्यावर दुसरा आरोप सोडून दिला गेला. तिसऱ्याबद्दल पुन्हा काही पत्र आलं नाही. 17 तारखेचा पगार कापला आणि एक ताकीदपत्र मिळालं, तेही त्यानं ‘मिळालं’ लिहून सही करून घेतलं.