कॉफी करणाऱ्या सहकाऱ्याला निरोप कसा द्यावा

आपल्या कार्यालयात रोज सकाळी सर्वांसाठी कॉफी करणारी व्यक्ती सेवानिवृत्त होत असेल आणि शुभेच्छापत्रावर चार ओळी लिहिण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर सर्वप्रथम एक पथ्य पाळावे : त्या चार ओळींत कॉफीचा उल्लेख चुकूनही येऊ देऊ नये. ‘आपले योगदान अमूल्य आहे’ असे लिहावे. योगदान कसले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नसल्यामुळे ते वाक्य कोणालाही आणि कितीही वेळा चालते.

आमच्या पुण्यातील कार्यालयात लेखा विभागातील ताई या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत आहेत. कार्यालयाची वेळ साडेनऊची असताना त्या रोज नऊ वाजता येतात आणि आपण होऊन बारा जणांची फिल्टर कॉफी करतात. त्यांचे माहेर धारवाडचे असल्यामुळे त्यांना हे येतेच, असे मानून आम्ही गेली अनेक वर्षे कृतज्ञतेचा प्रश्न परस्पर निकालात काढलेला आहे. आपणही तसेच करावे. एखादी गोष्ट एखाद्याच्या रक्तातच आहे असे एकदा ठरवून टाकले, की तिच्यासाठी त्याला अर्धा तास लवकर यावे लागते हे विसरणे फार सोपे जाते.

यातले श्रम किती किरकोळ आहेत, याची खात्री करून घ्यायची असेल, तर त्या रजेवर असताना स्वतः कॉफी करून पाहावी. गेल्या गणपतीत ताई तीन दिवस गावी गेल्या होत्या, तेव्हा ही संधी मला मिळाली. फिल्टर म्हणजे स्टीलचे एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोके आणि पूड दाबायला दांडीची एक चकती. इतक्या साध्या वस्तूला सूचना कसल्या विचारायच्या? मी पूड वरच्या डब्यात भरली, ती सपाट दिसेना म्हणून चकतीने आणि नंतर अंगठ्याने चांगली ठासली आणि खळखळ उकळते पाणी एकदम काठापर्यंत ओतले. आपणही असेच करावे, कारण त्यामुळे कार्यालयात विलक्षण शांतता पसरते. पाऊण तास खालच्या डब्यात एकही थेंब पडला नाही. पूड इतकी घट्ट बसली होती, की पाण्याला वाटच उरली नव्हती.

अशा वेळी फिल्टर हातात घेऊन टेबलावर आपटावा, असे एका वरिष्ठांनी सुचवले आणि वरिष्ठांचे ऐकावे, या नियमानुसार मी तो आपटला. त्याने पाणी खाली आले हे खरे, पण चकतीच्या कडेने पूडही त्याच्यासोबत खाली आली. तोवर डिकॉक्शन कोमट झाले होते, म्हणून ते दुधात घालून आम्ही दोन्ही मिळून पुन्हा उकळले. त्यानंतर कपात जे उतरले, ते कडू होते, त्यात गाळ होता आणि त्याचा रंग मात्र अतिशय समाधानकारक होता. तेवढ्या एका गोष्टीवरून सर्वांनी माझे कौतुक केले आणि कप कुंडीत रिकामे केले.

ताई परत आल्यावर त्यांना हे काही सांगू नये. आम्ही सांगितले आणि त्याची शिक्षा म्हणून आम्हाला खरी रीत ऐकावी लागली. त्या बारा कपांसाठी 100 ग्रॅम पूड घेतात, ती चकतीने फक्त टेकवतात आणि चकती तशीच वर राहू देतात. उकळी आलेले पाणी क्षणभर थांबवून आधी पूड भिजेल एवढेच घालतात. पूड फुगून बसली, की उरलेले पाणी चकतीवरून सावकाश सोडतात. एकूण पाणी साधारण 550 मिलिलिटर लागते, त्यातले दोनशेच्या आसपास पूडच पिऊन टाकते आणि अर्ध्या तासात खाली साडेतीनशेच्या घरात डिकॉक्शन जमते. म्हणजे कपामागे जेमतेम 30 मिलिलिटर. त्यावर त्या 90 मिलिलिटर कढत दूध ओततात. तापवायचे ते फक्त दूध. डिकॉक्शन पुन्हा विस्तवावर गेले, की त्याचा वास जातो आणि कडूपणा तेवढा उरतो. दर शनिवारी त्या वरचा डबा खिडकीकडे धरून उजेडात पाहतात. एखाद्या भोकातून उजेड येत नसेल, तर डबा रिकामा आणि कोरडा करून तळाकडून गॅसवर क्षणभर धरतात, म्हणजे अडकलेली पूड जळून जाते. हे सर्व ऐकून आपण ‘एवढे असते होय!’ असे म्हणावे आणि जागेवर जाऊन बसावे. मीही तेच केले.

पुडीच्या बाबतीतही काटकसरीचा सल्ला अवश्य द्यावा. आमच्याकडे एकाने दिला होता आणि स्वस्तातले पाकीटही स्वतः आणून दिले होते. ताईंनी ते उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि काही न बोलता कपाटात ठेवले. त्यात 47 टक्के चिकोरी होती. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे किमान 51 टक्के कॉफी असली की पुरते, तेव्हा त्या पाकिटाला कोणी नावे ठेवू शकले नसते. चिकोरी ही एक भाजलेली मुळी. ती रंग आणि दाटपणा भरपूर देते आणि तिच्यात उत्तेजक असे काहीही नसते. ताई वीस टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. उरलेला फरक त्या कोठून भरतात, हे अर्थातच आम्ही लेखा विभागाला कधी विचारले नाही.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. कॉफी करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या कपात कधीही डोकावू नये. मी मागच्या आठवड्यात डोकावलो आणि तेव्हापासून हे शुभेच्छापत्र माझ्याच्याने पूर्ण होईना. आम्ही बारा जण आहोत, ते ताईंना सोडून. साडेतीनशे मिलिलिटरचे बारा भाग बारा कपांत गेले, की फिल्टरमधल्या त्याच पुडीवर त्या पुन्हा थोडे पाणी घालतात आणि त्यातून जे फिकट, पातळ दुसरे डिकॉक्शन उतरते, त्याची कॉफी स्वतः घेतात. तिचा रंग पावसाळ्यातल्या मुठेच्या पाण्यासारखा असतो. ‘मला हलकीच आवडते,’ असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी कप फाइलीच्या आड सरकवला.

त्यामुळे वर दिलेले पथ्य मोडून मी शुभेच्छापत्रावर पुढील मजकूर लिहिला आहे. कोणी त्याचे अनुकरण करू नये.

‘ताई, आपले योगदान रोज 350 मिलिलिटर होते. आपला फिल्टर आपण आमच्याकडे ठेवून जात आहात, म्हणून आम्ही आजपासून पूड ठासणार नाही, डबा आपटणार नाही आणि शनिवारी भोके उजेडात पाहू. तीस तारखेला आपण साडेनऊलाच यावे. नऊ वाजता आम्ही येतो. त्या दिवशी पहिल्या डिकॉक्शनचा पहिला कप आपला. दुसरे डिकॉक्शन कोणी घ्यायचे, यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या आहेत आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आहे.’