टाकीचं प्रेशर वेगळं, गीझरचं वेगळं

बाथरूमच्या पाईपांवरच्या लेखात मी एसडीआर ११ चा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाईप, लावा म्हटलं होतं. एसडीआर म्हणजे पाईपचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, आकडा मोठा तेवढी भिंत पातळ. त्यावर तुमची ही प्रतिक्रिया आली:

"लेख वाचला. टाकी चार मजले वर, म्हणजे प्रेशर जेमतेम सव्वा किलो. त्याला एसडीआर ११ चा सीपीव्हीसी कशाला? १३.५ भरपूर झाला. ब्रँडचं एकही नाव नाही, सोल्यूशनबद्दल काही नाही. जरा अभ्यास करून लिहीत जा."

शेवटचं वाक्य नसतं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. स्वतःचं बाथरूम दोनदा फोडून बघितलंय मी, त्यामुळे अभ्यासाचं राहू द्या.

पाईप जोडायच्या सोल्यूशनचं राहून गेलं, चूक कबूल. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच लावायचं, यूपीव्हीसीचं नाही.

आता तुमचा सव्वा किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला. गार पाण्याच्या लाइनला तो हिशोब बरोबर आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो. पण गीझरच्या इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना, पाणी तापून फुगलं की त्याला मागे जायला वाट नाही, नळ बंद, मग प्रेशर चढतच जातं ते सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत. माझ्या गीझरवर तो ८ किलोला उघडतो. आणि तेच प्रेशर गीझर ते मिक्सर या गरम पाईपलाही सोसावं लागतं, तिथे टाकी किती मजले वर आहे याला काही अर्थ नाही.

त्यात पाईपवर छापलेला मोठा आकडा २३ डिग्रीचा असतो. एसडीआर ११ ला तो २८ किलो, पण ८२ डिग्रीला उरतात फक्त ७. तुमच्या १३.५ चे साडेबावीसवरून साडेपाच होतात. साधं कारण आहे, पाऊण इंची पाईपची भिंत ११ मध्ये दोन मिलिमीटर आणि १३.५ मध्ये जेमतेम पावणेदोन. साठ डिग्रीला दोन्ही आरामात तरतात हे मीच सांगतो, म्हणजे तुम्ही परत लिहायला नको. पण थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी ७० वर गेलं की १३.५ कडे नऊ किलो उरतात, व्हॉल्व्ह आठला. एवढ्याशा फरकावर मी टाइल्स बसवत नाही बुवा, तुम्ही बसवा.

अकरा वर्षांपूर्वी मीही असाच हिशोब केला होता. फुटलं काय, तर पाईप नाही, मिक्सरमागचा प्लास्टिक आट्याचा एल्बो, प्लंबरने टेफ्लॉन गुंडाळ गुंडाळ गुंडाळून पान्याने आवळलेला. पलीकडच्या खोलीत भिंतीला ओल आली तेव्हा कळलं. म्हणून ब्रँडच्या नावापेक्षा आधी बघा की नळ लागतो तिथे पितळी आट्याचं फिटिंग आहे का. नावं मुद्दाम दिली नाहीत, दिली असती तर तुम्हीच जाहिरात म्हणाला असतात.

आणि १३.५ च लावायचा हट्ट असेल तर गार लाइनला खुशाल लावा, बाहेरचा व्यास सारखाच असतो, फिटिंग तीच बसतात. गीझर ते मिक्सर एवढा तुकडा तरी ११ चा टाका.