'व्हेरी गुड' कापसाला भाव भेटत नाही

दहावीच्या पोरांच्या इंग्रजीच्या वह्या तपासता तपासता काल रात्री मी लाल पेन खाली ठेवला आणि नुसतं मोजायला बसलो. एका मुलीनं वडिलांवर सहा-सात वाक्यांचा उतारा लिहिला होता. तो जसाच्या तसा देतो:

"माय फादर इज अ व्हेरी गुड फार्मर. वी हॅव अ गुड फार्म. लास्ट इयर रेन वॉज व्हेरी बॅड अँड मेनी बॅड थिंग्ज हॅपन्ड. माय फादर वॉज व्हेरी सॅड. बट ही इज अ व्हेरी गुड मॅन. आय लर्न मेनी गुड थिंग्ज फ्रॉम हिम."

व्याकरणात मोठी चूक नाही. पण एवढ्याशा उताऱ्यात चार 'व्हेरी', चार 'गुड', दोन 'बॅड' आणि दोन 'थिंग्ज' आहेत. हे शब्द काढून टाकले तर बापाबद्दल काय उरतं? तो शेतकरी आहे आणि मागच्या वर्षी काहीतरी झालं, एवढंच. हाच उतारा बुलढाण्यातलं पोर लिहील, गोंदियातलंही लिहील. बाप तिचा आहे, उतारा कोणाचाही आहे.

आमच्याकडे यावर एक तयार औषध फिरतं. झेरॉक्सच्या दुकानात दोन पानं मिळतात, व्हॉट्सॲपवर तर फुकटच येतात. 'व्हेरी'ऐवजी वापरायचे शंभर शब्द. व्हेरी ओल्ड म्हणजे एन्शंट, व्हेरी हॉट म्हणजे स्कॉर्चिंग, व्हेरी सॅड म्हणजे मिझरेबल. पोरं पाढ्यांसारखी पाठ करतात. माझं मत स्पष्ट आहे: ही यादी पाठ करण्यापेक्षा 'व्हेरी' लिहिलेलं परवडलं. एका पोरानं लिहून आणलं होतं, 'माय ग्रँडमदर इज एन्शंट'. एन्शंट म्हणजे लोणारचं दैत्यसुदन मंदिर. आजीला एन्शंट म्हटलं की इंग्रजीत ती थट्टा होते. आजीसाठी 'एल्डर्ली' आहे, आणि त्याहून बरं म्हणजे तिचं वयच सांगावं. दुसऱ्यानं 'स्कॉर्चिंग टी' प्यायला दिला. स्कॉर्चिंग हे मे महिन्यातल्या आपल्या उन्हाला लागतं, चहाला नाही. यादीत शब्दासमोर शब्द असतो, पण तो कोणत्या शब्दाच्या बाजूला बसतो हे नसतं. आणि इंग्रजीत विशेषणाची सोयरीक नामाशी ठरलेली असते.

यादीचा दुसरा घोळ असा की पोरं नवा शब्द घेतात आणि जुना सोडत नाहीत. मग 'व्हेरी एक्झॉस्टेड' येतं, 'व्हेरी डिलिशस' येतं. एक्झॉस्टेड म्हणजेच पार थकलेला, त्याच्या पोटात 'व्हेरी' आधीच आहे. 'खूप भरगच्च' म्हटल्यासारखं ते वाटतं. शिवाय एक्झॉस्टेडमध्ये एक मुका एच आहे, तो निम्मी पोरं गाळतात. ज्याचं स्पेलिंग हातात नाही तो शब्द परीक्षेत काढूच नये, 'टायर्ड' बरा.

तर त्या मुलीला आज मी यादी दिली नाही, समोर बसवलं. म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव. तुझा बाप चांगला शेतकरी, म्हणजे काय करते तो?

ती थोडी लाजली, मग म्हणाली, "घाई नाही करत थो. एक पाऊस आला का शेजारचे पेरून मोकये होतात. माहे बाबा वावरात जाऊन माती उकरून पाहते, वल खाली गेली का नाही. मंग पेरते."

हे ऐकून मी तिची वही ओढली. कारण ही बाई (बाईच म्हणतो, बोलताना ती तशीच बोलत होती) जे सांगत होती ते 'व्हेरी गुड'मध्ये कुठंच नव्हतं. कृषी विभागवाले दरवर्षी कोकलतात की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि हिचा बाप ते बोटानं मोजतो. अशा माणसाला इंग्रजीत 'पेशंट' म्हणतात, दवाखान्यातला नव्हे, धीराचा. 'केअरफुल'ही चाललं असतं. पण शब्दापेक्षा ते माती उकरणं मोलाचं. आम्ही लिहिलं: 'माय फादर इज अ पेशंट फार्मर. ही डझ नॉट सो अंटिल द सॉइल इज वेट डीप डाउन.' दुसऱ्या वाक्यात एकही भारी शब्द नाही. अवघड जागा फक्त 'सो' या क्रियापदाची, कारण एस-ओ-डब्ल्यू लिहायचं आणि 'पेरणे' म्हणायचं. कपडा शिवायच्या 'सो'त मध्ये ई असतो, तेवढं जपायचं.

'गुड फार्म'ला तिनं लगेच उत्तर दिलं, काळी माती, पाणी धरून ठेवते. 'ब्लॅक सॉइल दॅट होल्ड्स वॉटर' झालं. आता लक्षात घ्या, 'गुड'ला एकच पर्यायी शब्द असूच शकत नाही. गुड सॉइल म्हणजे फर्टाईल, गुड मेडिसिन म्हणजे इफेक्टिव्ह, गुड रेन म्हणजे टाइमली. तिन्ही ठिकाणी 'चांगलं' वेगवेगळ्या कामाचं आहे. म्हणून 'गुड'ला पर्याय शोधायचा नसतो, 'कशासाठी चांगलं' ते विचारायचं असतं.

पाऊस 'व्हेरी बॅड' होता, म्हणजे काय? इथं तर ती थांबेचना. पेरल्यावर तीन आठवडे उघाड पडली, मग बोंडं फुटली आणि झड लागली. झड! आपल्याकडे पोरगं रिपरिप, भुरभुर, झड यांत फरक करतं आणि कागदावर 'व्हेरी रेन' लिहितं. आम्ही लिहिलं: 'द रेन स्टॉप्ड फॉर थ्री वीक्स आफ्टर सोइंग अँड केम बॅक व्हेन द बोल्स हॅड ओपन्ड.' बोंडाला 'बोल' म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. एवढा एक शब्द मी दिला, बाकी सगळं तिचंच होतं.

'मेनी बॅड थिंग्ज हॅपन्ड'. या 'थिंग'वर माझा जास्त राग आहे. आपल्या 'गोष्ट'चं ते भाषांतर आहे, आणि मराठीत 'गोष्ट' आपण तोंडात घोळवतो, पुढचं आठवेपर्यंत. कधी त्याजागी नेमकं नाम बसतं: प्रॉब्लेम, रीझन, हॅबिट, डिसिजन. पण बहुतेक वेळा ते नुसतं काढून टाकायचं असतं. अर्जाच्या पत्रात पोरं लिहितात, 'द थिंग इज दॅट हँडपंप इज नॉट वर्किंग.' ते 'द थिंग इज दॅट' खोडा आणि मोकळ्या झालेल्या जागेत 'निअर द स्कूल' आणि 'फॉर द लास्ट टेन डेज' घाला. सरपंचाला आता पंप कुठला ते तरी कळेल. आमच्या मुलीच्या 'बॅड थिंग्ज' म्हणजे कापूस भिजला, पिवळा पडला, व्यापाऱ्यानं भाव पाडला. तीन क्रियापदं, 'थिंग' शून्य.

'व्हेरी सॅड'ला तिनं स्वतःहून 'मिझरेबल' सुचवला, यादीतला. मी विचारलं, बाबा रडत होते का? "नाही. जेवताना बोलत नोयता." मग मिझरेबल कशाला? 'मिझरेबल मॅन' वाचणाऱ्याला कुरकुऱ्या माणूसही वाटू शकतो. 'ही एट हिज डिनर विदाउट अ वर्ड.' सॅड लिहायची गरजच पडली नाही.

राहिला 'व्हेरी गुड मॅन'. इथं ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, लोक कापसावर पाणी मारतात वजनासाठी, बाबा नाही मारत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात मीटर खुपसून ओलावा पाहतात. 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. गावातल्या खेडा खरेदीत मात्र असं मीटर कोण लावते, तिथं पाणी मारलेलं खपून जातं. म्हणजे हिच्या बापाला सोय होती आणि त्यानं केलं नाही. याला एक शब्द आहे, 'ऑनेस्ट'. आणि शेवटच्या 'मेनी गुड थिंग्ज'चंही आपोआप भागलं: 'फ्रॉम हिम आय लर्न्ड टू बी ऑनेस्ट इव्हन व्हेन इट कॉस्ट्स मनी.'

पहिला उतारा आणि दुसरा, लांबी जवळपास दुप्पट झाली, हे खरं. परीक्षेत एवढा वेळ नसतो, हेही खरं. म्हणून पोरांना मी एवढंच सांगतो: उत्तर सरळ लिहून काढा, अडलं तर 'गुड'च टाका, थांबू नका. शेवटच्या पाच मिनिटांत 'व्हेरी', 'गुड', 'बॅड', 'थिंग' या शब्दांखाली पेन्सिलीनं बारीक टिंब द्या आणि त्यांतले फक्त दोन-तीन सुधारा, ज्यांचं उत्तर लगेच सुचते ते. सगळे बदलायला गेलात तर खाडाखोड होते आणि वाक्य मोडते. संवादलेखनात दोन मित्र बोलत असतील तर 'गुड' राहू द्या, मित्र 'बेनिफिशियल' बोलत नाहीत. 'गुड ॲट मॅथ्स'ला हात लावू नका, 'थँक यू व्हेरी मच'लाही नाही.

जाता जाता एक गंमत. 'व्हेरी' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि मुळात त्याचा अर्थ 'खरा' असा होता. 'थिंग' तर जुन्या इंग्रजीत सभेला म्हणत. आइसलँडच्या संसदेच्या नावात, आल्थिंगमध्ये, तो अजून बसलेला आहे. एकेकाळी दोघेही चांगले वजनदार होते, वापरून वापरून गुळगुळीत झाले.

संध्याकाळी ती मुलगी सगळा उतारा स्वच्छ लिहून घेऊन आली. मधे एक नवं वाक्य होतं: 'द व्हेरी नेक्स्ट मॉर्निंग ही वेंट टू द फील्ड अगेन.' माझा लाल पेन सवयीनं 'व्हेरी'वर गेला.

"सर, थे राहू द्या," ती म्हणाली. "थो दुसऱ्याच दिवशी गेलता."

'दुसऱ्याच'मधला 'च'. मी पेन मागं घेतला.