अल्फा-बीटा छाटणी: सगळा खेळ चालींच्या क्रमाचा

“अल्फा-बीटा लावलं की मिनिमॅक्सचं काम निम्म्यावर येतं. चाली कुठल्याही क्रमाने तपासा, फरक पडत नाही. फक्त छाटणीत कधीकधी चांगली चाल हुकते.”

असं नेहमी ऐकू येतं. मिनिमॅक्स म्हणजे आपण आपल्यासाठी सर्वांत चांगली आणि प्रतिस्पर्धी आपल्यासाठी सर्वांत वाईट चाल निवडेल, असं धरून पुढच्या सगळ्या चाली तपासणं; अल्फा-बीटा म्हणजे त्यातल्या, निकाल बदलूच शकत नाहीत अशा चाली न तपासता सोडून देणं. पण निम्म्याचा असा काही नियमच नाही. संगणकशास्त्रज्ञ नुथ आणि मूर यांनी 1975 साली मांडलेल्या हिशेबानुसार, क्रम सर्वोत्तम असेल तर निम्मा होतो तो घातांक. कनेक्ट फोर घ्या, सात स्तंभांत सोंगट्या टाकून चार एका रेषेत आणायचा खेळ. दर वेळी सातही स्तंभ मोकळे आहेत आणि आठ चाली पुढचं पाहायचं आहे, असं धरू. साध्या मिनिमॅक्सला 7^8 म्हणजे 57,64,801 पानं, म्हणजे आठ चालींनंतरच्या शेवटच्या स्थिती, तपासावी लागतात. क्रम उत्तम असेल तर 7^4 + 7^4 − 1, म्हणजे फक्त 4,801. आणि क्रम अगदीच वाईट असेल तर पुन्हा सगळीच्या सगळी.

हे कागदावर करून बघा. आपल्याला तीन चाली आहेत आणि प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची तीन उत्तरं: क (5, 8, 6), ख (2, 9, 7), ग (1, 4, 3). आकडे म्हणजे आपले गुण, म्हणून प्रतिस्पर्धी लहानात लहान आकडा निवडणार. ‘क’ आधी तपासली की 5 हाती लागतात. ‘ख’मध्ये पहिलंच उत्तर 2 दिसतं, ही चाल आता 5 च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून उरलेली दोन उत्तरं सोडून द्यायची. ‘ग’चंही तसंच. पानं तपासली पाच. आता ग, ख, क असा उलटा क्रम लावा: 1, मग 2, मग 5, दर वेळी आधीपेक्षा चांगलं सापडत जातं, त्यामुळे कापायला संधीच मिळत नाही. नऊच्या नऊ पानं तपासावी लागतात. उत्तर मात्र दोन्ही वेळा 5 आणि चालही ‘क’च.

मग चाल हुकते हा समज कुठून येतो? बहुतेक वेळा एका नेहमीच्या चुकीतून. खेळात विविधता यावी म्हणून लोक सर्वोच्च गुणांच्या ‘सगळ्या’ चाली गोळा करतात आणि त्यातली एक यादृच्छिक निवडतात. समजा ‘ख’ची उत्तरं (5, 2, 7) अशी आहेत. पहिला 5 दिसताच छाटणी होते आणि 5 परत येतात. पण हे 5 म्हणजे ‘फार तर 5’. खरी किंमत 2 आहे. प्रोग्राम तिला ‘क’च्या बरोबरीची धरतो आणि हरतो. दोष छाटणीचा नाही, वरची मर्यादा नेमकी किंमत म्हणून वाचण्याचा आहे. मुळाशी, म्हणजे आपल्या पहिल्या चालीच्या पातळीवर, तुलना काटेकोर ठेवा:

```
if score > best:
    best, move = score, m
```

विविधता हवीच असेल, तर शोध सुरू करण्याआधी फक्त मुळाच्या चाली पिसा.

चांगला क्रम आधी कळणार कसा, हा रास्त प्रश्न आहे. कनेक्ट फोरमध्ये मधल्या स्तंभापासून बाहेर जाण्यानेच बराच फायदा होतो. त्यापुढे खोली एकेकाने वाढवत शोधा आणि आधीच्या फेरीतली सर्वोत्तम चाल पुढच्या फेरीत पहिली ठेवा. उथळ फेऱ्यांचा खर्च चांगल्या क्रमाने होणाऱ्या बचतीतून सहसा भरून निघतो. क्रम जमतोय का, हे दोन मोजण्यांतून कळतं: एकूण पानं किती आणि जिथे छाटणी झाली तिथे ती पहिल्याच चालीवर किती वेळा झाली. दुसरा आकडा कमी असेल, तर आधी क्रम सुधारा, मूल्यांकन जलद करण्याच्या मागे नंतर लागा.