कमावणारा एक, खाणारे सहा

पुतण्याने स्वतःच्या पैशांनी कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं की काकाच्या वाट्याला दोनच कामं येतात. उरलेले पैसे देणं आणि टॉर्च धरणं. त्यातलं पहिलं काम मी फारशी कुरकुर न करता केलं. दुसऱ्या कामात मात्र माणूस तासन् तास रिकामा उभा असतो, आणि रिकामा माणूस वाचत सुटतो. वाचण्यासारखं समोर काय होतं? मदरबोर्डचं मॅन्युअल आणि पंख्यांच्या पाठीवरची लेबलं. पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

चिरंजीवांनी कॅबिनेट घेतलं ते पुढे तीन, वर दोन आणि मागे एक अशा सहा पंख्यांचं. डोंबिवलीत आमच्या तीन खोल्यांत मिळून छताला चार पंखे आहेत, आणि या एका डब्याला सहा. शिवाय प्रोसेसरच्या डोक्यावरचा वेगळा. तो बिचारा `CPU_FAN` नावाच्या स्वतःच्या हेडरवर, म्हणजे बोर्डावर पंख्याचा प्लग बसवायच्या पिनांवर, बसला आणि या भांडणात पडला नाही. बाकी सहांसाठी बोर्डावर उरले दोन हेडर, `CHA_FAN1` आणि `CHA_FAN2`.

"त्यात काय काका, स्प्लिटर लावायचा," पुतण्या म्हणाला. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराचंही हेच मत होतं. त्याने गल्ल्याखालच्या डब्यातून काळ्या वायरींची एक जुडी काढली. एका टोकाला एक भोक, दुसऱ्या टोकाला तीन. असे दोन एकमेकांत अडकवले की एका हेडरवर पाच पंखे, तीन अडकवले की सात. मी विचारलं, "किती अँपिअरपर्यंत चालतील हे?" त्याने माझ्याकडे, मी साडीच्या दुकानात सुताचा नंबर विचारल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, सब चलता है."

चालतं, हे खरंच आहे. किती वेळ चालतं, एवढाच प्रश्न असतो.

बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये, जिथे कोणी जात नाही अशा पानावर, प्रत्येक फॅन हेडरपुढे छापलं होतं: १ अँपिअर, १२ वॅट. बहुतेक बोर्डांवर साधारण एवढंच असतं. काही बोर्डांवर पाण्याच्या पंपासाठी ठेवलेला एखादा हेडर दोन किंवा तीन अँपिअर देतो, पण तसं मॅन्युअलमध्ये छापलेलं असेल तरच. हेडर दिसायला सगळे सारखेच, म्हणून अंदाजाने ठरवायचं नाही.

आता पंखे काय मागतात? ते लेबल मोटरच्या पाठीवर असतं, आणि मोटरला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या दांड्या त्याच्यावरून गेलेल्या असतात. पंखा एकदा बसला की तिथे नजर पोचत नाही. मोबाईल फटीत घालून फोटो काढला, तेव्हा दिसलं: `DC 12V 0.30A`. नवे घेतलेले पाचही असेच. मागचा पंखा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, त्याच्यावर `0.20A`. म्हणजे पाच गुणिले ०.३० म्हणजे दीड, अधिक ०.२०, एकूण १.७ अँपिअर. बाराने गुणलं की २०.४ वॅट. हेडर देणार १२.

पुतण्याचं गणित वेगळं होतं. "एक अँपिअर सहा जणांत वाटून घेतील ना! जरा हळू फिरतील." इथेच घोळ आहे. पंखे वाटून घेत नाहीत. घरात कमावणारा एक आणि खाणारे सहा असले तर सहा जण अर्धपोटी राहतात, असं कोणत्या घरात झालंय? ते पोटभरच जेवतात आणि कमावणारा मोडतो. प्रत्येक पंखा आपल्या मोटरला लागतो तेवढा करंट ओढणार. त्या सगळ्यांचा भार हेडरमागच्या बोटाच्या नखापेक्षाही लहान चिपवर आणि बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषेवर पडणार. स्प्लिटर भोकं वाढवतो, करंट वाढवत नाही.

चांगल्या बोर्डात जास्त करंट ओढला गेला की हेडर आपोआप बंद करणारी सोय असते. तेव्हा चालू करताक्षणी पंखे एक झटका देतात, थोडे वळतात आणि थांबतात. हा नशिबाचा भाग. तशी सोय नसली तर ती चिप तरी जाते किंवा ती रेष तरी. बाकी बोर्ड धडधाकट, पण तो हेडर कायमचा मेलेला. त्यापूर्वी प्लग हाताला गरम लागतो, पण बंद कॅबिनेटमध्ये हात घालून कोण बघणार.

मग त्याने तडजोड सुचवली. पुढचे तीन एका हेडरवर, म्हणजे ०.९. वरचे दोन आणि मागचा दुसऱ्यावर, म्हणजे ०.८. "झालं ना एकच्या आत?" कागदावर झालं. पण लेबलवरचा आकडा फिरत्या पंख्याचा असतो. थांबलेली मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी त्याहून जास्त ओढू शकते, कारण फिरणारी मोटर स्वतःच थोडा उलटा दाब तयार करून करंटला आवरते आणि थांबलेली मोटर ते करत नाही. शिवाय चालू करताना बरेच बोर्ड पंख्यांना क्षणभर पूर्ण वेग देतात, त्यामुळे नंतर वेग कमी ठेवणार असलो तरी त्या क्षणाचा हिशेब पूर्णच धरावा लागतो. मी स्वतः एक अँपिअरच्या हेडरवर पाऊण अँपिअरच्या वर जात नाही. काकूंच्या मते हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, तांत्रिक मुद्दा नव्हे.

शेवटी हब आला, म्हणजे सगळे पंखे एकत्र जोडायची डबी. हबमध्ये जादू नाही, व्यवस्था आहे. पंख्याच्या चार तारांपैकी एक जमिनीची, एक बारा व्होल्टची, तिसरी वेग कळवणारी आणि चौथी आज्ञा घेणारी. पीडब्ल्यूएम म्हणजे हीच चौथी तार. हिच्यावरून सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणारा इशारा येतो, आणि त्यातला किती भाग 'चालू' आहे त्यावरून पंखा आपला वेग ठरवतो. पोटापाण्याचा बारा व्होल्टचा पुरवठा वेगळ्या तारेतून, पूर्णच्या पूर्ण येत राहतो. आज्ञेच्या तारेत करंट नावापुरता, काही मिलिअँपिअर. म्हणून हब आज्ञा बोर्डाकडून घेतो आणि अन्न थेट पॉवर सप्लायकडून, साटाच्या चपट्या प्लगमधून. त्या प्लगमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीला दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. आमचे १.७ त्यात आरामात बसतात. मात्र साटाची वायर जोडायला विसरलात तर हब म्हणजे चौकोनी डबीतला स्प्लिटरच, किंवा काही हबमध्ये तेवढंही नाही. सगळे पंखे गप्प.

हबची आज्ञेची तार `CHA_FAN1` वर लावली, साटाची वायर जोडली, बटण दाबलं आणि कॅबिनेटमधून पिठाच्या गिरणीचा आवाज आला. सहाच्या सहा पंखे पूर्ण वेगात. पुतण्याचा चेहरा खुलला, शेजारच्या जोशीकाकूंनी दार उघडून पाहिलं. बायोसमध्ये गेलो तर `CHA_FAN1` होता `DC` मोडवर. त्या मोडमध्ये बोर्ड बारा व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलतो. पण आमचे पंखे बोर्डाचे बारा व्होल्ट खातच नव्हते, ते साटाचे खात होते. आज्ञेच्या तारेवर बदलता इशारा नाही, आणि इशारा नसला की असा पंखा पूर्ण वेग हीच आज्ञा समजतो. `PWM` मोड केला, आणि पाच पंखे एकदम शहाण्यासारखे बसले.

सहावा तसाच ओरडत राहिला. तो कॅबिनेटबरोबर आलेला फुकटा पंखा. त्याच्या प्लगला भोकं मोजली तर तीन. चौथी तारच नाही, म्हणजे आज्ञा ऐकायला कानच नाहीत. असा पंखा हबवर कायम पूर्ण वेगातच फिरणार. त्याला हबवरून काढून `CHA_FAN2` वर एकटं बसवलं आणि तिथे `DC` मोड ठेवला. तिथे बोर्ड व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे कान नसले तरी पंखा ऐकतो. बाहेर जोशीकाकूंचं दार बंद झालं.

आता सगळं शांत, बायोसमध्ये `CHA_FAN1` समोर ९०० च्या आसपास फेऱ्या दिसतायत, पुतण्या कॅबिनेटची काच लावायच्या घाईत. मला मात्र एक खटकलं. वेग कळवणारी तिसरी तार हबच्या फक्त पहिल्या भोकातून बोर्डापर्यंत जाते. चांगल्या स्प्लिटरमध्येही एकाच शेपटीला ही पिन असते, बाकीच्यांची मुद्दाम काढलेली असते, कारण पाच पंख्यांच्या फेऱ्या एका तारेत कोंबल्या तर बोर्डाला काहीच अर्थ लागणार नाही. म्हणजे ते ९०० फक्त पहिल्या भोकातल्या पंख्याचे. बाकीचे चार थांबले, जळाले, तरी स्क्रीनवर आकडा तोच. (उलट पहिलं भोक रिकामं राहिलं आणि बाकीचे फिरत असले तर बोर्डाला शून्य दिसतं. हब `CPU_FAN` वर असता तर `CPU Fan Error` म्हणून बोंब ठोकली असती.)

"काच थांबव," मी म्हटलं. वेग आधी पूर्ण केला, मग वीस टक्क्यांवर आणला, आणि टॉर्च घेऊन एकेका पंख्याकडे पाहिलं. पुढचे तीन आवाज बदलत होते, वरचा डावाही. वरचा उजवा मात्र दोन्ही वेळा जागच्या जागी. समोरच्या बटणाची बारीक वायर सुटून त्याच्या पात्यांत अडकली होती. पात्यांमागची निळी-जांभळी रोषणाई मात्र झगमगत होती, कारण दिव्यांची तारच वेगळी, त्यांना पाच व्होल्ट दुसरीकडून येतात.

वायर सोडवली, टायने बांधली, पंखा फिरला. पुतण्या थोडा वेळ गप्प होता. मग दुखावल्या आवाजात म्हणाला, "पण काका, दिवा तर लागत होता!"