विठ्ठल आडनावाचे नाईक

आमच्या डिचोलीत एखाद्याला नाव विचारलं तर तो आधी वाडा सांगतो, मग बापूस कोण ते, आणि सवड उरली तर स्वतःचं नाव. सरकारी अर्जाला ही पद्धत मान्य नाही. पण अर्जांचं तरी आपापसात कुठे पटतंय? आधारला अख्खं नाव एका ओळीत चालतं. पॅनचा अर्ज आधी आडनाव मागतो, मग नाव, मग मधलं नाव. पासपोर्टच्या ऑनलाइन अर्जात तर मधल्या नावाला चौकटच नाही. पहिली चौकट गिव्हन नेमची, दुसरी आडनावाची. बापाचं नाव मुलाच्या नावाचा भाग म्हणून कागदोपत्री चालत आलं असेल, तर त्याने पहिल्या चौकटीत मुलाच्या मागे बसायचं, स्कूटरवर बसल्यासारखं.

पुतण्या प्रथमेशला बोटीवर नोकरी लागायची होती. बोटीवर जायचं तर पासपोर्ट हवा, म्हणून तो सायबरवाल्याकडून अर्ज भरून, पाठवण्याआधी मला दाखवायला घेऊन आला. वाड्यावरचे सगळे अर्ज एकदा माझ्या चष्म्याखालून जातात. मानधन म्हणून चहा मिळतो, तोही माझ्याच घरचा.

छापील प्रतीवर वरून खाली वाचलं: NAIK PRATHAMESH, खाली VITHAL. शाळेच्या दाखल्यावर हुबेहूब असंच आहे, नाईक प्रथमेश विठ्ठल. वाचणाऱ्याचं डोकं लगेच मान डोलावतं. घात होतो तो इथेच. कारण VITHAL बसला होता आडनावाच्या चौकटीत.

"काका, बरोबर आहे ते. त्यानेच माझं पॅन केलं होतं, त्यात काहीच चुकलं नाही," प्रथमेश म्हणाला.

चुकणार कसं? पॅनच्या अर्जात आडनाव पहिलं. दाखला समोर ठेवून डावीकडून उजवीकडे टंकत गेलं, तर नाईक, प्रथमेश, विठ्ठल आपापल्या चौकटीत आपसूक पडतात. तोच दाखला, तोच सायबरवाला, तीच बोटं. पण पासपोर्टच्या अर्जात चौकटींचा क्रम उलटा, आणि शेवटी उरलेल्या बापाला आडनाव करून टाकलं. नशिबाने एकदा बरोबर आलेलं काम माणूस पुढे पद्धत म्हणून वापरतो.

"पण नाव तेच आहे ना? पुढे-मागे झालं तर काय बिघडलं?"

मी कागद पालथा केला आणि पासपोर्टवर फोटोच्या खाली यंत्राला वाचण्यासाठी ओळी असतात, त्यातली पहिली कशी सुरू होईल ते लिहून दाखवलं:

```
P<INDVITHAL<<NAIK<PRATHAMESH
```

आणि कशी व्हायला हवी ते त्याच्याखाली:

```
P<INDNAIK<<PRATHAMESH<VITHAL
```

दोन कंस लागोपाठ आले की तिथे आडनाव संपलं. यंत्राला नाईक घराणं ठाऊक नाही, त्याला कंस कळतात. विमानाचं तिकीट याच नावाने निघणार, बोटीवरचे कागद याच नावाने होणार, आणि कप्तान याला मिस्टर विठ्ठल म्हणून हाक मारणार. म्हणजे पगार मुलाचा आणि हाक बापूसला.

"एकदा छापून आला की खाडाखोड होत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, नवी पुस्तिका."

फी ऐकल्यावर प्रथमेशला विषय पटला.

माझी तपासायची रीत साधी आहे. सगळं नाव सलग वाचायचंच नाही. बाकीचं हाताने झाकून फक्त आडनावाची चौकट वाचायची. मग त्याच अर्जात वडिलांचं नाव आणि आडनाव वेगळं मागतात, तिथे नजर टाकायची. याच्या अर्जात बाप नाईक आणि मुलगा विठ्ठल निघाला. एका छपराखाली दोन आडनावं, तीही भांडण न होता! आणि हे सगळं घरीच उरकावं. पासपोर्ट केंद्रात खिडकीवर पडद्यावरचा तपशील वाचायला सांगतात खरा, पण तिथे माणूस केस नीट आहेत की नाहीत याच काळजीत असतो.

स्पेलिंगचा तंटा वेगळा. भावाच्या कागदांवर विठ्ठलला एकच टी, म्हणून मुलाच्या अर्जातही एकच. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आडनाव Naique आहे. ते मी पेटीतच ठेवायला लावलं. बाहेर आलं असतं तर कुणीतरी तेही कुठल्या तरी चौकटीत घातलं असतं.

प्रथमेश दुरुस्तीला सायबरकडे पळाला, तोवर वहिनी स्वतःचा पॅनचा अर्ज घेऊन आली. वडिलांच्या नावापुढे तिने नवऱ्याचं नाव लिहिलं होतं.

"इथे तुझ्या बाबांचं नाव हवं. लग्न झालेल्या बाईलाही वडिलांचंच विचारतात."

"मग यांचं कुठे लिहू?"

"मधल्या नावात, तुझ्या आधारवर असेल तर."

तिने आधार काढून पाहिलं. नुसतंच नाव आणि आडनाव.

"म्हणजे यांचं नाव कुठेच नाही?"

ओसरीवर भावाच्या पेपराची घडी मोडल्याचा आवाज आला. "कोणाचं नाव नाही?"

"तुमचं," वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं.