शेकडा अठ्ठावन्न पैसे

परवा बँकेतला पोरगा मला म्हणाला, "काका, हे कॅल्क्युलेशन तुम्हाला नाही समजणार."

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. आठवीला चक्रवाढ व्याज शिकवताना फळ्यावर इतका खडू झिजवला की त्या खडूत एखादी भिंत पांढरी झाली असती. गावात कुत्रंसुद्धा मला गुरुजी समजूनच भुंकतं. आणि हा कालचा पोरगा म्हणतो काका. त्यातही काचेपलीकडून, भर रांगेसमोर, मे महिन्यात, कूलर बंद असताना.

भांडण सतरा रुपयांचं होतं. निवृत्तीच्या पैशातले पाच लाख मी पाच वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवले आणि फॉर्मवर 'मासिक व्याज' या चौकटीत टिक केली. खरं तर टिक त्यानेच केली, मी फक्त सही ठोकली. पाच लाखांचं वर्षाचं व्याज पस्तीस हजार, भागिले बारा, म्हणजे २,९१७ रुपये. पासबुकात दर महिन्याला २,९०० येतात. चौदा महिने मी गप्प बसलो. पंधराव्या महिन्याला उन्हाने डोकं तापलं आणि मी उठलो.

"सतरा रुपये कुठं गेले?" मी विचारलं. त्यावर ते वर लिहिलेलं वाक्य आलं.

माझ्या मागे एक बाबाजी उभे होते. धोतर, हातात पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात पासबुक. निराधारचे पैसे आले का ते पाहायला आले होते, पण तो विषय त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिला.

"शेकडा किती देते बँक?" बाबाजींनी मला विचारलं.

"सात टक्के."

"वर्साचे सात नोको सांगू जी. महिन्याले शेकडा किती?"

आमच्याकडे उधारी-उसनवारीचं सगळं बोलणं शेकड्यावर चालतं. शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. वर्षाचा टक्का ही शहरी सवय. मी मनात भागाकार केला आणि म्हटलं, "अठ्ठावन्न पैसे."

"आन् भेटून काय राह्यले?"

"अठ्ठावन्नच. पण वरचा पैशाचा तिसरा हिस्सा खाल्ला त्यांनी."

बाबाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नापास पोराच्या बापाकडे पाहायचो. "पैशाच्या तिसऱ्या हिश्शासाठी तुमी उन्हात आले?"

रांग हसली. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, आणि माझ्या लक्षात आलं की आता आपली शिकवणी होणार.

"कापूस इकला का तुमी कधी?"

"विकला."

"अडत्यानं चुकारा आठ रोजानं देतो म्हनलं, आन् तुमी म्हनलं का नाई, मले आत्ताच नगदी पायजे. तं थो काय करते?"

"कटती कापतो."

"मंग! तुमाले तीन महिन्याचं व्याज तीन महिन्यानं भेटाले पायजे होतं. तुमी म्हनलं, मले हर महिन्याले नगदी पायजे. कापली कटती. रडून काऊन राह्यले?"

इथे माझी खरी पंचाईत झाली, कारण म्हातारा बरोबर होता. आपल्याकडे मुदत ठेवीवर व्याज साधारणपणे तिमाहीने धरतात. माझ्या ठेवीचं तिमाहीचं व्याज ८,७५०. ते तिमाही संपल्यावर घेतलं असतं तर छदामही कापला नसता. पण पहिला हप्ता मी दोन महिने आधी उचलतो, दुसरा एक महिना आधी. बँक म्हणते, आधी मिळालेल्या या पैशावर तुम्ही त्याच दराने कमवू शकता. पहिल्यावर सुमारे ३४ रुपये, दुसऱ्यावर १७. तेवढं आम्ही आधीच वळतं करतो. तीन हप्ते मिळून ८,७००, वर हे पन्नासेक. ८,७५० ला हिशेब जुळला. फक्त त्या सर्वज्ञ पोराला हे नीट सांगता येत नव्हतं, आणि मला येत असूनही सुचलं नव्हतं.

तरी माझी खरी जखम त्या सतरा रुपयांची नाही. ती नंतर चिघळली.

घरी येऊन मी चिडून फळा-खडू काढला (वही काढली, पण सवय जात नाही). हे महिन्याचे २,९०० मला लागतच नाहीत, पेन्शन आहे. ते बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पेंगत पडतात. पाच वर्षांनी त्यांचे वरच्या किरकोळ व्याजासकट साधारण १ लाख ८५ हजार होतील. 'व्याज मुदतीअखेर' या चौकटीत टिक असती तर व्याजावर व्याज चढत २ लाख ७ हजार झाले असते. एका टिकेचे बावीस हजार! वर्षाला ७.१९ टक्के पडले असते, आता हातात साडेसहा. आणि मी भांडत होतो सतरा रुपयांसाठी.

ठेव मोडावी म्हटलं, तर तेही सोपं नाही. मोडली की जितके दिवस ठेव राहिली तितक्याच दिवसांचा दर लागतो, त्यातून दंड म्हणून साधारण अर्धा ते एक टक्का जातो, आणि आजवर दिलेलं जास्तीचं व्याज मुद्दलातून वसूल होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, रोजच्या रोज चक्रवाढ देणारे असतात, तिकडे टाका." त्यालाही वहीतूनच उत्तर दिलं. सात टक्क्यांनी पाच लाखांवर वर्षाला तिमाही चक्रवाढीने ३५,९३० मिळतात आणि रोजच्या चक्रवाढीने ३६,२५०. तीनशे वीस रुपयांचा फरक. त्यापेक्षा दर पाव टक्का जास्त असला तर बाराशेच्या वर फरक पडतो. लोक चक्र किती वेळा फिरतं ते मोजत बसतात. व्याज चाकाला लागून राहतं की वाटेत गळतं, ते पाहत नाहीत. मीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, कारण ठेव ठेवताना दाखवलेला तो रंगीत कागद घरी सापडला. त्यावर ठळक अक्षरात होतं, 'वार्षिक यील्ड ८.३०%'. सात टक्क्यांचे ८.३० कसे? लाखाचे पाच वर्षांत १,४१,४७८ होतात. वरच्या ४१,४७८ ला पाचाने भागलं की झाले ८.३०. म्हणजे चक्रवाढीने फुगवायचं आणि सरळव्याजाने भागायचं! याच रीतीने दहा वर्षांची ठेव दाखवली तर सात टक्क्यांचे १०.०२ होतात. खरा आकडा पाच वर्षांनाही ७.१९ आणि दहालाही ७.१९. दर तोच असून नुसती मुदत वाढली की यील्ड वाढताना दिसलं, तर भागाकार कुणीतरी सोयीने केलाय असं समजावं. आठवीच्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी कान धरला असता.

काचेपलीकडे पोरगा जेवायला गेला होता. बाबाजी मात्र होते. निराधारचे पैसे अजून यायचे होते. कागद उलगडून मी त्यांनाच सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे आठ-तीस कोनाले भेटते?"

"कोणालाच नाही."

"मंग लिवते कायले?"

मी कागदाची घडी केली. तिनेच थोडा वारा घेतला, थोडा त्यांनाही घातला. कूलर बंदच होता.